दोन हजारांची बचत, चारशे साठ रुपयांची

आमच्या वहिनींना सात किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यायचं होतं. मॉडेल ठरलं होतं, प्रश्न फक्त कुठून घ्यायचं एवढाच. एका मोठ्या शॉपिंग साइटवर ते ३२,९९० रुपयांना होतं. त्यावर बँकेच्या कार्डाची १,५०० रुपयांची सूट धरली की ३१,४९०. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर कूपन लावून ३३,४९०. सरळ दोन हजारांचा फरक. वहिनींचं बोट 'बाय नाऊ'वर गेलंच होतं. मी म्हटलं, जरा वही काढा.

पहिली अट बारीक अक्षरात होती: सूट फक्त ईएमआयवर, तेही किमान सहा महिन्यांच्या. 'नो कॉस्ट' असं लिहिलेलं असलं तरी व्याज लागतंच. फक्त तेवढी रक्कम दुकान किमतीतून आधी वजा करतं. इथे बँकेने १६ टक्क्यांनी हिशोब केला तर सहा महिन्यांचं व्याज साधारण १,४१९ रुपये होतं. ते दुकानाने वजा केलं, म्हणून हप्त्यांची बेरीज ३१,४९० वरच राहते. पण या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २५५ रुपये, आणि तो दुकान भरत नाही. शिवाय बँकेचं प्रोसेसिंग शुल्क १९९ आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २३५. असे ४९० रुपये. दुकानाच्या बिलात ते दिसत नाहीत. पुढच्या महिन्यांत कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात, तेही तुकड्या-तुकड्यांत.

शेवटच्या पानावर आणखी १४९ रुपये हाताळणी शुल्क उगवलं. स्टँड वेगळा घ्यायचा, ९०० रुपये. कंपनीच्या साइटवर तो सोबत येत होता आणि पोचवण्याचे पैसे नव्हते. बेरीज केली: ३१,४९० अधिक ४९० अधिक १४९ अधिक ९००, म्हणजे ३३,०२९. दोन हजारांचा फरक ४६१ वर आला होता.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने पोचवणी आणि करांसह एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करण्याला २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवलं आहे. तरीही बँकेचा हिस्सा आपण स्वतःच मिळवायचा.

मग मी वहीत दुसरा रकाना आखला: मशीन परत करावं लागलं तर? इथे आकड्यांपेक्षा शब्द नीट वाचावे लागतात. शॉपिंग साइटवर 'दहा दिवसांत परत' असं ठळक होतं. त्यावर टिचकी मारली तर आत 'फक्त बदली'. म्हणजे कंपनीचा तंत्रज्ञ येणार, दोष आहे असं लिहून देणार, तेव्हा कुठे दुसरं मशीन. आवाज जास्त वाटतो किंवा बाथरूमच्या दारातून आत जात नाही, ही कारणं त्यात बसत नाहीत. (दाराची रुंदी आधी मोजा. फार जणांचं तिथेच अडतं.)

बदलीचं मशीन उपलब्ध नसेल तर पैसे परत येतात, पण दुकान परत करतं ते त्याने कार्डावर लावलेले, व्याज वजा जाता उरलेले ३०,०७१ रुपये. प्रोसेसिंग शुल्क सहसा परत येत नाही. पहिल्या हप्त्यातलं ४०१ रुपये व्याज आणि त्यावरचा ७२ रुपये जीएसटी बँक सोडेलच असं नाही. २३५ धरून सातशे रुपये असे जाऊ शकतात. शिवाय परतावा कार्डावर जमा झाला म्हणजे ईएमआय बंद झाला असं समजू नये. अनेकदा बँकेला फोन करून तो रद्द करावा लागतो. उशीर झाला तर मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क पडतं.

कंपनीच्या साइटवर यूपीआयने पैसे भरायचे होते, म्हणून हा गुंता नव्हता. मशीन बसवल्यानंतर तिथेही फक्त बदलीच. मात्र बसवण्याआधी परत केलं तर पूर्ण रक्कम. ऑर्डर रद्द केल्यास पैसे कापतात का, हेही पाहिलं. कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करताना तसंच शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाकडून ते घेता येत नाही, असं तेच २०२० चे नियम सांगतात. पण हे रद्द करण्यापुरतं आहे. वापरलेली वस्तू परत करणं वेगळं.

वहिनींनी ४६१ रुपये जास्त देऊन कंपनीच्या साइटवरूनच घेतलं. खोका उघडताना भाच्याने सलग व्हिडिओ काढला. तंत्रज्ञाने मागचे ट्रान्झिट बोल्ट काढले. वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात आणि मशीन पुन्हा हलवायचं तर लागतात. तो ते सोबत नेऊ लागला तेव्हा वहिनींनी मागून घेतले. आता ते एका पिशवीत, बिल आणि तंत्रज्ञाच्या सहीच्या जॉब शीटसह माळ्यावर आहेत. रिकामा खोका मात्र अकराव्या दिवशी रद्दीवाल्याकडे गेला.