अंग आंबलं की स्नायू फाटला?

जिममध्ये नाव घातल्यानंतरचा तिसरा दिवस बहुतेकांना आठवतो तो जिन्यामुळे. चढताना फारसे काही वाटत नाही, पण उतरताना कठडा धरावा लागतो. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणे ही तर परीक्षाच. वऱ्हाडात अशा वेळी लोक म्हणतात, ‘अंग आंबलं’. आणि कुणी वजन उचलता उचलता एकदम थांबून मांडी धरली, तर म्हणतात, ‘चमक भरली’. या दोन दुखण्यांना भाषेने वेगवेगळे शब्द दिले आहेत आणि शरीरातही ती वेगळीच असतात. पण पहिल्याच आठवड्यात, सगळेच दुखत असताना, कोणते कोणते हे ओळखणे अनेकांना जमत नाही. मग आंबलेल्या अंगाला घाबरून कुणी जिम सोडतो, तर कुणी फाटलेल्या स्नायूवर तेल चोळून पुन्हा वजन उचलायला जातो.

आधी आंबण्याचे पाहू. आंबणे म्हणजे आंबट होणे, म्हणून व्यायामात तयार होणारे लॅक्टिक आम्ल स्नायूत साचते आणि ते दुखते, हे स्पष्टीकरण आपल्याला लगेच पटते. जिममध्येही अजून तेच सांगितले जाते. ते खरे नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निवळते. दुखणे मात्र तेव्हा सुरूही झालेले नसते. १९८३ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे सरळ तपासले. काही जणांना ट्रेडमिलवर सपाटीवर ४५ मिनिटे पळवले आणि काहींना उतारावर तेवढाच वेळ. सपाटीवर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण पुढच्या दिवसांत त्यांचे पाय फारसे दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले.

नरनाळा किंवा गाविलगड पाहून आलेल्यांना या प्रयोगाचे नवल वाटणार नाही. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू शरीराचा भार रोखून धरतो आणि रोखता रोखता लांबत जातो. ब्रेक लावत गाडी घाटातून उतरवावी तसे हे काम. याला ‘इसेंट्रिक’ काम म्हणतात. बैठक मारताना खाली जाणे, डंबेल हळूहळू खाली आणणे, लंजमध्ये गुडघा जमिनीकडे नेणे, हे सगळे त्याच जातीचे. या कामात कमी तंतूंवर जास्त ताण पडतो आणि सवय नसलेल्या तंतूंची आतली बांधणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल इतपत विस्कटते. तंतूंभोवतीच्या आवरणालाही झळ लागते. दुरुस्तीसाठी तिथे द्रव आणि पेशी जमतात, थोडी सूज येते आणि आजूबाजूच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते. बोस्टनमध्ये थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवले होते, की व्यायामाचा थकवा वेगळा आणि मागाहून येणारे हे दुखणे वेगळे. ते स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यामुळे असावे. लॅक्टिक आम्लाची गोष्ट त्यानंतर इतकी रुजली, की हफचे म्हणणे मागे पडले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अमरावतीतला २८ वर्षांचा एक बँक कर्मचारी सोमवारी संध्याकाळी सात वाजता पहिल्यांदा पायांचा व्यायाम करतो: बारा-बारा स्क्वॉटचे चार सेट आणि वर लंजेस. घरी येताना पाय थरथरतात, पण दुखत नाहीत. मंगळवारी सकाळी थोडे ताठरलेले वाटतात. बुधवारी सकाळी दुखणे शिगेला पोहोचते. दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, आणि कुठे दुखते विचारले तर तो पूर्ण पंजा मांडीवर फिरवतो. बसल्या जागी काही नाही. उठताना, उतरताना, दाबल्यावर दुखते. मुख्य म्हणजे दहा मिनिटे चालल्यावर पाय मोकळे होतात. शुक्रवारी दुखणे निम्म्यावर येते, रविवारपर्यंत जवळजवळ जाते. पुढच्या सोमवारी तोच व्यायाम केला तर दुखणे पहिल्यापेक्षा बरेच कमी असते, कारण एका वेळच्या इसेंट्रिक कामानेही स्नायू काही आठवड्यांपुरता सावध होतो. आखाड्यात नव्या मुलाच्या बैठका रोज थोड्या थोड्या वाढवण्याची रीत होती, ती याच गोष्टीवर उभी आहे. ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे आणि जिथले खेळाडू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला देशी खेळ दाखवून आले, त्या गावाला हे नव्याने सांगायला नको. पण नव्या जिममध्ये पहिल्याच दिवशी चार सेट लावले जातात, ही अडचण आहे.

दुसरे उदाहरण अकोल्याचे धरू. चाळिशी ओलांडलेली एक शिक्षिका, पहिल्या आठवड्याचा पाचवा दिवस. पोटऱ्या आधीच दुखत आहेत, तरी ती ट्रेडमिलचा वेग वाढवते. एका पावलाला उजव्या पोटरीत मागून कुणीतरी काठी मारल्यासारखे होते. ती खरोखर मागे वळून पाहते. मागे कुणी नसते. हे वर्णन डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. पोटरीच्या वरच्या स्नायूचा आतला भाग, तो जिथे खाली कंडरेला मिळतो त्या सांध्यावर फाटतो आणि चाळिशीच्या आसपास ही इजा अधिक दिसते. ‘कधी दुखायला लागले?’ या प्रश्नाला ती सेकंदापर्यंतचे उत्तर देऊ शकते, तर बँकवाल्याला ‘काल-परवापासून’ एवढेच सांगता येईल. ती दुखरी जागा एका बोटाने दाखवते. दुखते एकाच पायात. चालून मोकळे वाटण्याऐवजी प्रत्येक पावलाला तीच कळ येते. दोन-तीन दिवसांनी पोटरीवर, कधी त्याहून खाली घोट्याशी, निळे-काळे दिसते, कारण आत सांडलेले रक्त वजनाने खाली उतरते. घोटा मुरगळलाच नव्हता, मग तिथे काळे कसे, असा प्रश्न पडतो तो यामुळेच.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. भिंतीला हात टेकून दोन्ही पायांच्या चवड्यांवर सावकाश उभे राहायचे आणि ते जमले तर एकेका पायावर. पोटऱ्या नुसत्या आंबल्या असतील तर दोन्ही बाजूंना दुखेल, पण टाच उचलली जाईल. एका बाजूला टाच उठतच नसेल किंवा उठताना एकाच जागी तीव्र कळ येत असेल, तर ते आंबणे नव्हे. टाचेच्या वरची जाड कंडरा तुटली तरी टाच उठत नाही. त्यात दुखणे अपेक्षेपेक्षा कमी असू शकते आणि म्हणूनच ती इजा अंगावर काढली जाते. अशा वेळी त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

या खुणा नेहमीच इतक्या स्वच्छ नसतात. एकाच हाताने काम केले असेल तर आंबणेही एकाच हातात येईल. दंडाचा स्नायू आंबला तर एक-दोन दिवस कोपर सरळ होत नाही आणि सूजही दिसते. त्यात फाटलेले काही नसते. उलट, बारीक फाटणे गरम अंगात जाणवत नाही आणि घरी गेल्यावर कळते. अशा वेळी पुढचे चार-पाच दिवस निर्णय देतात. आंबणे तिसऱ्या दिवसानंतर रोज उतरत जाते. पाच दिवसांनीही एकच जागा तशीच दुखत असेल, तर ते स्नायू ताणल्याचे धरून चालावे.

शिक्षिकेची इजा पाचव्या दिवशी झाली, यातही एक गोम आहे. आंबलेला स्नायू नुसता दुखत नाही, तो दुबळाही झालेला असतो. त्याची ताकद परतायला काही वेळा आठवडाभर लागतो, आणि सांधा नेमका किती वाकला आहे याचा अंदाजही तेवढ्या दिवसांत थोडा चुकतो. म्हणून आंबलेल्या भागाला हलके चालणे, सायकल, सावकाश हालचाल चालते. वेगाचे आणि जड काम मात्र दुखणे उतरेपर्यंत दुसऱ्या भागाला द्यावे. व्यायामाआधी-नंतर ताण दिल्याने आंबणे टळते असे समजले जाते, पण त्याचा फरक नगण्य असतो. हलक्या हाताच्या मालिशने थोडे बरे वाटते.

हीच मालिश ताज्या फाटण्यावर मात्र टाळावी. आत रक्तस्राव चालू असताना गरम तेल लावून चोळले, शेक दिला, तर तो वाढू शकतो. पहिले दोन-तीन दिवस काम थांबवावे, इलॅस्टिक पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. त्यानंतर मात्र नुसते पडून राहणे चुकीचे. दुखणार नाही इतपत हालचाल आणि हळूहळू भार दिला, तर स्नायू नीट जुळतो. हलकी इजा एक ते तीन आठवड्यांत भरून येते, अर्धवट फाटण्याला महिना-दोन महिने लागतात. पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, किंवा दम लागू लागला, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असण्याचीही शक्यता असते. ते डॉक्टरांनीच पाहावे.

तिसरी एक अवस्था आंबण्याच्या पलीकडची आहे आणि अकोल्याच्या मे महिन्यात ती विसरून चालत नाही. खूप जास्त आणि अनोळखी व्यायाम, त्यात उष्णता आणि पाणी कमी, असे जुळले की स्नायूतंतू मोठ्या प्रमाणात मोडतात आणि त्यांतली द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडावर भार टाकतात. स्नायू टणक सुजतो, दुखणे केलेल्या व्यायामाच्या मानाने फार जास्त असते, हात उचलवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असा रंग दिसला की पाणी पीत वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्ताच्या साध्या तपासणीत निदान होते आणि वेळेत सलाइन लागले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पाणी कमी पडलेल्या अंगात दुखणे मारण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुप्रोफेनसारख्या गोळ्या घेणे याच कारणाने धोक्याचे, कारण त्याही मूत्रपिंडावरच जातात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी जिम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, आणि अंगदुखी नेहमीपेक्षा जास्त वाटली तर गोळी स्वतःहून बंद न करता विचारावे.

जिमला परतायचे कधी, याला दिवसांपेक्षा खुणा चांगल्या. आंबलेल्या पायांसाठी जिना कठड्याविना उतरता आला की पुरे; मग आधीच्या निम्म्या सेटपासून सुरुवात. फाटलेल्या पोटरीसाठी दुखऱ्या पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली, चांगल्या पायाइतकीच उंच आणि कळ न येता, की मग पळण्याचा विचार.