वर्गमुळाखालचा एक

सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘रेक्टिफिकेशन’ शिकवताना मी सूत्र फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ तिथेच थांबतो:

s = ∫ √(1 + y′²) dx

वक्राचा इतका बारीक तुकडा घ्यायचा की तो सरळच वाटावा. त्याची आडवी बाजू dx, उभी dy. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण मिळतो आणि त्यातून dx बाहेर काढला की वर्गमुळाखाली १ उरतो. हा १ म्हणजे आडव्या सरकण्याचा वाटा. पुढची सगळी झटापट त्याच्याशीच असते.

मुलांना मी नेहमी हे गणित देतो: y = x³/6 + 1/(2x), x = 1 पासून 2 पर्यंत. विकलन केल्यावर y′ = x²/2 − 1/(2x²). याचा वर्ग करताना घाई करू नये, कारण मधल्या पदावरच सगळं अवलंबून आहे:

y′² = x⁴/4 − 1/2 + 1/(4x⁴)

आता १ मिळवा. उणे अर्ध्याचं अधिक अर्धं होतं, बाकी काहीच हलत नाही. पण अधिक अर्धं हेच तर (x²/2 + 1/(2x²)) च्या वर्गातलं मधलं पद! वर्गमूळ आपसूक सुटतं, हाती फक्त बेरीज राहते. तिचं संकलन x³/6 − 1/(2x). सीमा घातल्या की लांबी १७/१२, म्हणजे साधारण १.४१७.

हे जमतं, कारण विकलनातल्या दोन पदांचा गुणाकार बरोबर १/४ आहे आणि त्यांच्यामध्ये वजाबाकीचं चिन्ह आहे. गणित रचणाऱ्याने ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ही खूण दिसली तर कंस उलगडायच्या आधीच उत्तराचा रस्ता कळतो.

दरवर्षी काही वह्यांत मात्र √(1 + y′²) चं थेट 1 + y′ झालेलं असतं. या गणितात त्याने १.९१७ येतं. हा आकडा वक्राचा नाही. आधी आडवं १ आणि मग उभं ११/१२ असं काटकोनात चालून गेलेलं ते अंतर आहे. दोन टोकं सरळ जोडली तर १.३५७ येतं. हा वक्र सतत वरच चढत जातो, म्हणून खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्येच पडायला हवं. अर्ध्या मिनिटाची ही पडताळणी मी प्रत्येकाकडून करून घेतो.

दुसरी चूक चिन्हाची. x^(2/3) + y^(2/3) = a^(2/3) या चार टोकांच्या वक्रात वर्गमूळ a^(1/3)/x^(1/3) असं सुटतं. पण x ऋण असेल तिथे हे पदही ऋण होतं. निरपेक्ष किंमत विसरून −a पासून a पर्यंत संकलन केलं की वरच्या अर्ध्या भागाची लांबी शून्य येते! खरी लांबी 3a आहे.

आता पुस्तकाबाहेर येऊ. साधा y = x³ घेतला तरी संकलन ओळखीच्या फलनांत सुटत नाही. तिथे सिम्प्सनचा नियम वापरून आकड्यांतच उत्तर काढावं लागतं, किंवा y′ लहान असेल तर दुसरी वाट असते. पाटण खोऱ्यातून कराडकडे येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांच्या तारा पाहा. समजा, दोन मनोऱ्यांत ३०० मीटर अंतर आहे, दोन्हींची टोकं एका पातळीत आहेत आणि मध्ये तारेला ६ मीटर झोळ आहे. एवढ्या कमी झोळात तार परवलयाकार मानली तरी चालते. चढ सर्वांत जास्त टोकाला, तोही ०.०८. त्याचा वर्ग ०.००६४, म्हणजे १ पुढे अगदी किरकोळ. इथे √(1 + y′²) ऐवजी 1 + y′²/2 लिहिणं रास्त आहे, त्यातली चूक मिलिमीटरभरही नाही. संकलन केल्यावर सरळ अंतराहून जास्तीची लांबी 8d²/(3L) येते. इथे d म्हणजे झोळ आणि L म्हणजे मनोऱ्यांतलं अंतर. उत्तर फक्त ३२ सेंटिमीटर.

मुलांचा यावर विश्वास बसत नाही. मग मी झोळ ७ मीटर करायला सांगतो. जास्तीची लांबी साधारण ४४ सेंटिमीटर होते. म्हणजे जेमतेम १२ सेंटिमीटर तार वाढली आणि झोळ मीटरभर खाली आला. लांबीतला फरक झोळाच्या वर्गावर अवलंबून असल्याने असं होतं. ॲल्युमिनियम-पोलादाची ३०० मीटर तार २० अंशांनी तापली तर सुमारे ११ सेंटिमीटर वाढते. झोळ वाढला की ताण उतरतो आणि तार किंचित आखडते, म्हणून प्रत्यक्षात झोळ मीटरपेक्षा थोडा कमी वाढतो. तरीही वाहिनी आखताना तारेची जमिनीपासूनची उंची भर उन्हात तापलेल्या तारेच्या झोळावरूनच ठरवावी लागते.