डाख, राळ आणि तार

फुटक्या भांड्यास डाख लावून घेणे हा प्रकार मराठी घरांना जुना आहे. कथील व शिसे यांचे मिश्रण, विस्तव, आणि धातूवरील मळ काढण्यासाठी नवसागर किंवा मिठाच्या तेजाबात जस्त विरघळवून केलेले पाणी, एवढी त्या कारागिराची सामग्री असे. आज एखादा विद्यार्थी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लुकलुकणारा दिवा तयार करावयास बसतो, तेव्हा तोही डाखच लावीत असतो. तो त्याला सोल्डर म्हणतो इतकेच. मात्र भांड्याला चालणारी सामग्री त्याच्या नाजूक मंडलाला चालत नाही, आणि नवशिक्याची पहिली फसगत बहुधा येथेच होते.

तापलेल्या तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर चढतो. त्या थरावर वितळलेले सोल्डर पसरत नाही, अळूच्या पानावरील पाण्यासारखे गोळा होऊन राहते. हा थर काढणाऱ्या द्रव्याला फ्लक्स म्हणतात. तेजाबी फ्लक्स हे काम झपाट्याने करतो, परंतु काम झाल्यावरही तेथेच राहतो. हवेतील ओल शोषून तो तांबे खात बसतो, आणि विजेला चोरवाटही करून देतो.

वर सांगितलेल्या दिव्याचेच उदाहरण घ्यावे. ५५५ या टायमर चकतीच्या मंडलात १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ६ लाख ८० हजार ओहमचा रोधक घातला, व दुसरा रोधक १० हजार ओहमचा ठेवला, तर दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. आता त्या मोठ्या रोधकाच्या दोन टोकांमध्ये ओलसर फ्लक्सचा थर राहिला, आणि त्याचाही रोध तेवढाच भरला, तर प्रत्यक्ष रोध निम्म्यावर येतो आणि दिवा जवळजवळ दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. विद्यार्थी बिचारा चकती बदलून पाहतो, बॅटरी बदलून पाहतो. कोकणात किंवा कलकत्त्यात, पावसाळ्याच्या हवेत, पुढे सांध्याभोवती हिरवट कळा येते, तेव्हा कोठे खरे कारण उघड होते. पाटी पाण्याने व ब्रशाने घासून नीट वाळविली तर कधी निभावते. पण सॉकेटखाली शिरलेले तेजाब निघत नाही, आणि मग काम नव्याने करणेच शहाणपणाचे ठरते.

म्हणून या कामासाठी राळेचा फ्लक्स घ्यावा. चिराच्या झाडांपासून मिळणारी ही राळ थंड असताना निरुपद्रवी असते, तापली म्हणजे सौम्य आम्लाप्रमाणे ऑक्साइड विरघळविते, आणि निवताच पुन्हा स्वस्थ होते. सोल्डरच्या तारेच्या पोटातच ती भरलेली मिळते. लॅमिंग्टन रोडवर वा दिल्लीच्या लजपतराय मार्केटात तार मागताना 'रोझिन कोअर' एवढे शब्द उच्चारले की पुरे. नळकाम करणाऱ्याचे सोल्डर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता खुद्द धातूविषयी. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण दोहोंपेक्षाही लवकर, १८३ अंशांना, वितळते. शिवाय ते एकदम वितळते व एकदम गोठते. हा गुण नवशिक्याच्या फार कामी येतो. ज्या मिश्रणात शिसे अधिक असते, उदाहरणार्थ ४० भाग कथील व ६० भाग शिसे, ते गोठताना बराच वेळ लापशीसारखे राहते. तेवढ्यात हात हलला की आत तडा जातो, आणि सांधा वरून धड दिसूनही आतून सैल राहतो. रिळावर प्रमाण छापलेले नसेल तर ते रीळ न घेतलेले बरे. ६० व ४० हे प्रमाणही चालते; त्याची लापशी अवस्था अवघ्या काही अंशांची असते.

शिसे मात्र विषारी आहे, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस. युरोपात २००६ च्या जुलैपासून विकावयाच्या बहुतेक उपकरणांत शिशावर निर्बंध आले, आणि भारतातही ई-कचरा नियमांनी २०१४ पासून उत्पादकांवर तशीच मर्यादा घातली. त्यामुळे बिनशिशाची सोल्डरे प्रचारात आली. त्यांत कथिलाबरोबर ३ टक्के चांदी व अर्धा टक्का तांबे असलेले एक. ते २१७ अंशांच्या आसपास वितळते. दुसरे केवळ कथील व ०.७ टक्के तांबे यांचे, २२७ अंशांचे, आणि चांदी नसल्याने स्वस्त. दोन्ही पसरावयास थोडी आळशी असतात, आणि चांगला सांधाही त्यांत मंद, किंचित खरबरीत दिसतो. जुन्या पुस्तकांतील 'चकाकी म्हणजे चांगला सांधा' ही खूण येथे निरुपयोगी होय. सोल्डर तारेच्या पायथ्याशी उतरणीप्रमाणे पसरले आहे की मण्याप्रमाणे बसले आहे, हे पाहावे.

निवड कशी करावी? घरात लहान मूल असेल, काम शाळेत व्हावयाचे असेल, किंवा तयार होणारी वस्तू खेळणे असेल, तर बिनशिशाचेच घ्यावे आणि त्याबरोबर उष्णता नियंत्रित करता येणारे आयर्न घेऊन ते ३५० ते ३८० अंशांवर ठेवावे. प्रौढ माणसाला साध्या २५ वॅटच्या आयर्नवर शिकावयाचे असेल तर ६३-३७ अधिक क्षमाशील आहे. पण मग धोका कोठून येतो हे नीट जाणून घेतले पाहिजे.

आयर्नच्या टोकाशी जेवढी उष्णता असते तेवढ्याने शिशाची वाफ म्हणण्यासारखी होत नाही. डोळ्यांसमोर उठणारा धूर असतो राळेचा. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. सोल्डर हाताळून त्याच हाताने पोहे खाल्ल्याने किंवा तार दातांत धरल्याने. यासाठी साबणाने हात धुणे, टेबल ओल्या फडक्याने पुसणे आणि तेथे खाणेपिणे न करणे हा उपाय आहे. राळेचा धूर वेगळे संकट आहे. त्याने दम्याचा विकार जडू शकतो, आणि बिनशिशाचे सोल्डर अधिक तापवावे लागत असल्याने तेथे धूर कमी होतो असे मुळीच नाही. 'बिनशिशाचे' म्हणजे 'बिनधुराचे' असा समज कित्येकांचा असतो. धूर तोंडावर येऊ न देता बाजूस ओढून नेणारा छोटा पंखा आणि उघडी खिडकी दोन्ही प्रकारांत हवीत.

जोडणीची तारही विचारपूर्वक घ्यावी. पाटीवरल्या पाटीवर, जेथे तार हलणार नाही, तेथे एकेरी तार बरी. ती वाकविली तशी राहते. बॅटरीकडे जाणारी तार मात्र हलते, आणि एकेरी तार वारंवार वाकून सांध्यापाशी तुटते. तेथे सात पदरी, दुकानात '७/३६' म्हणून मिळणारी, तार घ्यावी. टोकाचे पाच मिलिमीटर वेष्टण काढून पदर पिळावेत व त्यांवर सोल्डर चढवून घ्यावे. टोक स्क्रूखाली आवळावयाचे असेल तर मात्र सोल्डर चढवू नये. ते दाबाखाली हळूहळू दबते आणि पकड सैल होते.

सोल्डरची तार २२ गेज, म्हणजे ०.७ मिलिमीटर जाडीची घ्यावी. आयर्नने पाटीची टिकली व भागाचा पाय दोन्ही एकदम तापवावे, एक-दोन सेकंदांनी दुसऱ्या बाजूने तार लावावी, चार-पाच मिलिमीटर वितळली की आधी तार आणि मग आयर्न दूर करावे. दिव्याच्या या मंडलात तीसेक सांधे होतात. त्यांस जेमतेम पंधरा सेंटिमीटर तार लागते, आणि पन्नास ग्रॅमच्या रिळात ती चौदा-पंधरा मीटर असते.