समुद्रतळाचे दोन वाटे

शेताची वाटणी करायची वेळ आली की जुनी माणसे एक रीत सांगतात. वाटे एका भावाने पाडायचे आणि आधी उचलायचा मान दुसऱ्याला द्यायचा. कोणता वाटा आपल्याकडे येणार हे ठाऊक नसले, की पाडणारा विहीर एकीकडे आणि खडकाळ माळ दुसरीकडे असे करायला धजत नाही. हीच रीत आंतरराष्ट्रीय कायद्यात एका ठिकाणी लागू आहे. ते ठिकाण पाण्याखाली पाच किलोमीटरवर आहे आणि वाटणी आहे ती समुद्राच्या तळाची.

त्या तळावर, मऊ गाळात अर्धे रुतलेले, बटाट्याएवढे काळे गोळे पडलेले असतात. त्यांना बहुधात्विक गोळे म्हणतात. माशाचा दात किंवा शंखाचा तुकडा अशा एखाद्या कणाभोवती समुद्राच्या पाण्यातले मँगनीज आणि लोह थरावर थर साचत जाते आणि त्याबरोबर निकेल, तांबे, कोबाल्टही अडकते. हे इतके सावकाश होते की दहा लाख वर्षांत गोळा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. आज ज्या धातूंसाठी खाणी खणाव्या लागतात ते इथे उघड्यावर पडलेले आहेत. मग ते उचलायचे कोणी?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळी आणि खनिजांवर त्या त्या देशाचा हक्क चालतो. काही देशांचा तळावरचा हक्क त्याही पुढे जातो. तिथून पलीकडचे पाणी म्हणजे खुला समुद्र. पण खुल्या समुद्रात एकावर एक असे दोन वेगळे कायदे आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पाण्यात पोहणारा मासा, काही करारांची बंधने पाळून, जो पकडेल त्याचा. त्याच माशाच्या खाली तळावर पडलेला गोळा मात्र पकडणाऱ्याचा नाही. तो साऱ्या मानवजातीचा आहे.

वरचा कायदा जुना आहे. पोर्तुगीज गोव्याहून अरबी समुद्रावर हुकमत गाजवत, त्यांचा परवाना नसलेली जहाजे पकडत. पूर्वेकडच्या सागरी व्यापारावरचा हा त्यांचा मक्ता मोडून काढण्यासाठी डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ साली समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही असा युक्तिवाद छापला. जहाजे जाऊ द्यायला हे तत्त्व उत्तम होते. मात्र ‘कोणाचाच नाही’ या शब्दांत एक फट आहे. जे कोणाचेच नसते ते ज्याच्याकडे मोठे जहाज आणि लांब दोर त्याचे होते.

ही फट बुजवण्याची मागणी १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या देशाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत केली. राष्ट्रीय हद्दींच्या पलीकडचा तळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरवा, असे त्यांनी मांडले. १९७० च्या डिसेंबरात आमसभेने ते तत्त्व एकाही विरोधी मताविना मान्य केले आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते कलम १३६ म्हणून आले. वारसा या शब्दाचा अर्थ करारात नेमका आहे. कोणत्याही देशाला त्या तळावर सार्वभौमत्व सांगता येत नाही, मालकी मिळवता येत नाही, आणि तिथली खनिजे परवानगीशिवाय उचलता येत नाहीत. मानवजातीच्या वतीने दप्तर सांभाळायला जमैकातल्या किंग्स्टन शहरी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण बसवले आहे. गावाचे गायरान जसे कोणा एकाचे नसूनही बेवारस नसते, तसे हे आहे.

वाटे पाडण्याची रीत येते ती इथे. श्रीमंत देशाला तळाचा तुकडा हवा असेल तर त्याने स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षण करायचे आणि अंदाजे सारख्या मोलाच्या दोन तुकड्यांची माहिती प्राधिकरणापुढे ठेवायची. त्यातला एक प्राधिकरण राखून ठेवते. तो विकसनशील देशांसाठी, किंवा प्राधिकरणाच्या स्वतःच्या खाण-उपक्रमासाठी. दुसरा अर्जदाराला मिळतो. ज्या देशाकडे सर्वेक्षणाचे जहाज नाही, त्याला तपासून ठेवलेला तुकडा आयता मिळावा हा त्यामागचा हेतू.

भारताची गोष्ट या रीतीचे चांगले उदाहरण आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून पहिले गोळे वर काढले. त्यापुढच्या सर्वेक्षणांवर आधारून भारताने कन्याकुमारीच्या खूप दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडून, तीन लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे केले. १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारताची ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद झाली. अशी नोंद मिळवणारा तो पहिला देश. तीन लाखांतला निम्मा तळ राखीव झाला आणि दीड लाख चौरस किलोमीटर भारताकडे राहिला. त्यातलाही कमी मोलाचा निम्मा भाग टप्प्याटप्प्याने परत करायचा होता. २००२ च्या मार्चमध्ये प्राधिकरणाशी शोधकार्याचा करार झाला तेव्हा हातात ७५ हजार चौरस किलोमीटर उरले. म्हणजे जे शोधले त्याचा चौथा हिस्सा. तोही मालकीचा नाही. भारताला तिथे फक्त शोध घेण्याचा हक्क आहे, दर वर्षी किंग्स्टनला अहवाल द्यावा लागतो, आणि मुदत संपली की वाढवून घ्यावी लागते.

या ७५ हजार चौरस किलोमीटरवर सुमारे ३८ कोटी टन गोळे असल्याचा अंदाज आहे. आकडा प्रचंड वाटतो, पण भागाकार केला की एका चौरस मीटरवर पाच किलो येतात. बाजारातली बटाट्याची एक पिशवी. तळावरची खाण परवडायची तर वर्षाला ३० लाख टन उचलावे लागतील असा हिशेब या क्षेत्रात बरेचदा मांडतात. पाच किलोने भागले तर दर वर्षी ६०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल, तोही एकही गोळा मागे राहिला नाही असे धरून. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून साधारण तेवढीच भरतात. जमिनीवरची खाण एका जागी खोल जाते. ही खाण उथळ असते, पण पसरत जाते.

पसरण्याची किंमत काय, हे पाहण्यासाठी १९९७ साली भारतीय शास्त्रज्ञांनी याच खोऱ्यात सुमारे तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यातला गाळ मुद्दाम ढवळला आणि पुढची काही वर्षे त्यावर लक्ष ठेवले. प्रश्न नुसत्या ओरखड्याचा नसतो. उठलेला गाळ ढगासारखा वाहत जातो आणि जिथे यंत्र गेलेलेही नाही तिथल्या जिवांवर बसतो. पेरूजवळच्या पॅसिफिक तळावर जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये नांगर ओढून पाहिला होता. २६ वर्षांनी तिथे गेल्यावर नांगराच्या रेषा जशाच्या तशा दिसल्या. शिवाय स्पंजासारखे काही जीव गोळ्यालाच चिकटून जगतात. त्यांच्यासाठी तो गोळा म्हणजे घर, आणि गेलेले घर पुन्हा उभे राहायला लाखो वर्षे लागतात.

आता राखीव वाट्याचे काय झाले ते पाहू. नाउरू हे पॅसिफिकमधले २१ चौरस किलोमीटरचे बेट. त्याच्या पोटातले फॉस्फेट परक्यांनी इतके उपसले की बेटाचा मधला भाग ओसाड झाला. २०११ साली नाउरूच्या पाठिंब्याने एका कंपनीला मेक्सिको आणि हवाईच्या दरम्यानच्या पट्ट्यात, राखीव वाट्यातले सुमारे ७५ हजार चौरस किलोमीटर मिळाले. कागदावर लाभार्थी एक गरीब देश. कंपनीची सूत्रे मात्र आज एका कॅनेडियन खाण-कंपनीच्या हातात आहेत. धाकट्या भावासाठी ठेवलेला वाटा असा दारामागून सावकाराकडे जाऊ शकतो.

नाउरूलाही धास्ती होती, की कंपनीने नुकसान केले तर भरपाई आपल्या गळ्यात पडेल. त्यामुळे प्रश्न हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाच्या सागरतळ कक्षापुढे गेला. १ फेब्रुवारी २०११ च्या मतात कक्षाने सांगितले, की पाठिंबा देणारा देश गरीब असो वा श्रीमंत, देखरेखीची जबाबदारी सर्वांना सारखीच. तसे नसेल तर कंपन्या ढिले कायदे असलेल्या देशाचा झेंडा घेऊन खाली उतरतील. मात्र देशाने आपली देखरेख नीट पार पाडली आणि तरीही नुकसान झाले, तर देश जबाबदार नाही. कंपनीकडे पैसे नसले तर ती भरपाई कोणीच करणार नाही. ही पोकळी कक्षाने मान्य केली आणि तिच्यासाठी निधी उभारण्याचा विचार सुचवला.

२०२१ च्या जूनमध्ये नाउरूने १९९४ च्या पूरक करारातले एक कलम वापरले. त्यानुसार प्रत्यक्ष खाणकामाचे नियम दोन वर्षांत पुरे करण्याचे बंधन प्राधिकरणावर आले. जुलै २०२३ मध्ये मुदत संपली, नियम झाले नाहीत. किती स्वामित्वधन घ्यायचे, ते देशादेशांत कसे वाटायचे, किती गाळ उडाला तर काम थांबवायचे, यांवर एकमत होत नाही. ‘आधी थांबा, नीट समजून घ्या’ म्हणणारे देश चाळीसच्या आसपास आहेत.

मग कंपनीने दुसरे दार ठोठावले. अमेरिकेने १९८२ चा करार कधीच स्वीकारलेला नाही, आणि तिचा १९८० चा स्वतःचा सागरतळ कायदा आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या कायद्याखाली परवाने लवकर देण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांत त्या कंपनीच्या अमेरिकी शाखेने अर्ज केला. म्हणजे एक भाऊ वाटणीला बसलाच नाही आणि आता थेट शेतात उतरायला निघाला आहे.

वरच्या पाण्यात नेमके उलटे घडते आहे. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा नवा करार २०२३ साली मंजूर झाला आणि १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. भारताने २०२४ साली त्यावर सही केली आहे. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे ठरवणे, तिथल्या जिवांच्या जनुकांतून मिळणाऱ्या लाभात सर्वांना वाटा देणे, हे त्यात आले. मानवजातीच्या सामायिक वारशाचे तत्त्वही त्यात नोंदवले आहे, जुन्या सागरी स्वातंत्र्याच्या तत्त्वाशेजारीच. ‘जो पकडेल त्याचे’ या रीतीला पाण्यातही पहिली वेसण बसते आहे.

या सगळ्यात भारताने कुठे उभे राहावे, याचे उत्तर त्या ७५ हजार चौरस किलोमीटरमध्येच आहे. तिथे भारताचे नौदल पहारा देत नाही, कुंपण नाही, खांब नाही. दुसरे कोणी तिथे यंत्र उतरवत नाही याचे कायद्यातले कारण एकच, किंग्स्टनच्या दप्तरातली भारताची नोंद. ती मिळवताना आपण शोधलेल्यातला निम्मा तळ दुसऱ्यांसाठी सोडला. ज्याने दप्तर न मानता गोळे उचलले, त्याचा माल भारताने विकत घेतला किंवा त्याकडे डोळेझाक केली, तर आपल्याच नोंदीचा कागद कोरा होईल.