सोलर कंपनीचं बारसं

'पीएम सूर्यघर' योजनेच्या पोर्टलवर आपला जिल्हा निवडला की छतावर सोलर बसवणाऱ्या नोंदणीकृत ठेकेदारांची यादी उघडते. दहा-बारा नावं वाचली की डोळा घसरू लागतो. सन, सोल, सूर्या, ग्रीन, इको, पॉवर, टेक, एनर्जी आणि सोल्युशन्स या शब्दांची अदलाबदल करून पानंच्या पानं भरलेली असतात. घरमालक दोन लाखांच्या आसपास खर्च करणार असतो. तीन किलोवॉटच्या संचावर सरकारकडून 78,000 रुपयांचं अनुदान मिळणार असलं, तरी तो पैसा नंतर येतो. अशा वेळी त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. बिल खरंच कमी होईल का, आणि काही बिघडलं तर हा माणूस फोन उचलेल का? यादीतली बहुतेक नावं या दोन्हींबद्दल काही सांगत नाहीत.

समजा, नाशिकमधला एक अनुभवी वायरमन आणि बँकेतून बाहेर पडलेला त्याचा मावसभाऊ असा धंदा सुरू करताहेत. पहिल्या बैठकीत कागदावर चार नावं आली: 'सनटेक मोनो पर्क सोल्युशन्स', 'महासोलर', 'झीरो बिल' आणि 'अखंड ऊर्जा'. ही चारही नावं कुठल्याही गावात सुचतील अशीच आहेत, त्यामुळे ती का बाद होतात हे एकेक करून पाहायला हवं.

'मोनो पर्क' हा सौर पॅनेलमधल्या सेलचा एक प्रकार. काही वर्षांपूर्वी तो नवा होता, आता त्याची जागा 'टॉपकॉन' घेतो आहे. पॅनेलची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते, तंत्रज्ञानाची नवलाई मात्र पाच-सात वर्षांत ओसरते. नावात तंत्र घातलं की दुकानाच्या पाटीवरच जुन्या मालाची जाहिरात होते. आणि घरमालकाला हा शब्द कळतच नाही, ही वेगळी अडचण. न कळणारा शब्द ऐकून माणूस प्रभावित होतो असं विकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो 'विचार करून सांगतो' म्हणतो आणि शेजाऱ्याला विचारायला जातो.

'महासोलर' ऐकायला भारदस्त आहे, आणि दोष त्या भारदस्तपणातच आहे. महावितरण, महानिर्मिती, महापारेषण, शिवाय अपारंपरिक ऊर्जेचं काम पाहणारी राज्य सरकारची 'महाऊर्जा'. महाराष्ट्रात वीज आणि 'महा' जोडून आले की लोकांना सरकारी कचेरी आठवते. सरकारचा आश्रय असल्याचं सुचवणाऱ्या नावांना 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानं मनाई केलेली आहे. कंपनीचं नाव नोंदवतानाही अशी नावं अडतात. योजनेच्या नावातलं 'सूर्यघर' उचलणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय सरकारी वाटणाऱ्या नावानं आलेला फोन आजकाल लोक आधी फसवणुकीचा समजतात, तेही काही चुकीचं नाही.

'झीरो बिल' हे नाव मावसभावाला फार आवडलं होतं. बचत यापेक्षा स्पष्ट कशी सांगणार? पण बिल शून्य होत नाही. नेट मीटर लागल्यावर छतावर तयार झालेले युनिट वापरलेल्या युनिटमधून वजा होतात, पण स्थिर आकार दर महिन्याला येतच राहतो. ज्या घराचं बिल दोन हजारांवरून दीड-दोनशेवर आलं, त्याला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. पण कंपनीचंच नाव 'झीरो बिल' असेल, तर तो हातात बिल घेऊन भांडायला येतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली हे नावच दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतं, तो धोका वेगळाच.

'अखंड ऊर्जा'चं दुखणं याहून खोल आहे आणि ते या धंद्यातल्या माणसालाच लवकर कळतं. घरांवर बसणारे बहुतेक संच बॅटरीविना, थेट महावितरणच्या लाइनला जोडलेले असतात. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. छतावरची वीज लाइनमध्ये गेली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणजे लोडशेडिंगच्या दुपारी 'अखंड ऊर्जा'वाल्याचं घर अंधारातच असतं. 'नॉनस्टॉप', 'निरंतर', 'चोवीस तास' ही नावंही अशीच अंगाशी येतात. भरवसा म्हणजे वीज कधीच जाणार नाही असं वचन नव्हे, हे नाव ठेवणाऱ्यालाच आधी पटलं पाहिजे.

मग मावसभावानं सरळ 'बचत सोलर' सुचवलं. खोटं नाही, अवघड नाही. पण इथे कायद्याची एक गंमत आड येते. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात केवळ मालाचा वा सेवेचा प्रकार आणि गुण सांगणारी नावं सहसा नोंदवता येत नाहीत, कारण ते शब्द सगळ्या व्यापाऱ्यांना मोकळे राहावेत असा हेतू आहे. 'बचत' आणि 'सोलर' हे दोन्ही तसेच. उद्या पंचवटीत 'न्यू बचत सोलर' आणि सिडकोत 'महाबचत सोलर' निघालं, तर यांना फारसं काही करता येणार नाही. त्यांच्या वाईट कामाचे बोल मात्र यांना ऐकावे लागतील. ग्राहकाला जो शब्द पटकन कळतो तोच आपल्या एकट्याच्या मालकीचा होत नाही, ही या धंद्यातली खरी अडचण आहे. त्यावरचा तोडगा असा, की नावानं बचत उच्चारू नये, सुचवावी, आणि उघड सांगायचं ते नावाखालच्या ओळीत सांगावं.

'सोलर' या शब्दाचंही एक स्थानिक दुखणं आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत 'आमच्याकडे सोलर आहे' याचा अर्थ वर्षानुवर्षं 'अंघोळीचं पाणी उन्हावर तापतं' असाच आहे. त्यामुळे खालच्या ओळीत 'वीज' हा शब्द हवाच, नाहीतर निम्मे फोन बंबाच्या चौकशीचे येतात.

सुचवणारा शब्द शोधायचा तर सूर्याकडे न बघता घराकडे बघावं, असं माझं मत आहे. सूर्य सगळ्यांनी वापरून झाला आहे. देशातल्या मोठ्या पॅनेल उत्पादकांपैकी एक असलेल्या 'वारी'चं नाव विदर्भातल्या वारी हनुमान मंदिरावरून आलेलं आहे. त्यात ना सूर्य आहे ना तंत्र, पण म्हणून कुणाचं अडलं नाही. मराठी धंद्यात विश्वासाचा जुना मार्ग आडनावाचा. पाटीवर आडनाव असलं की मागे तोंड दाखवणारा माणूस आहे असं वाटतं. पण या दोघांतला एक पाटील आणि दुसरा जाधव, आणि नाशकात पाटील आणि जाधव किती असतील याची कल्पना करा. शिवाय भागीदारी फुटली की आडनाव कुणी न्यायचं, यावर घरातच वाद.

कागदावर शेवटी तीन शब्द उरले: 'गच्ची', 'घरचं ऊन' आणि 'बेगमी'. 'गच्ची' छोटा, आपला, आणि त्यात 'गच्च'ही ऐकू येतं. पण रोमन लिपीत लिहिला की तो एका इटालियन फॅशन कंपनीच्या जवळ जाऊन बसतो. नामांकित चिन्हांना कायदा जास्त संरक्षण देतो, तेव्हा कशाला विषाची परीक्षा. 'घरचं ऊन' फार गोड. घरचं म्हणजे विकत न घेतलेलं आणि भरवशाचं, दोन्ही अर्थ एका शब्दात. अडचण अशी, की हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या कानाला 'ऊन' म्हणजे लोकर. छतावर लोकर कशाला, असं त्यानं विचारलं तर त्याचा काय दोष?

'बेगमी' म्हणजे पावसाळ्याआधी घरात करून ठेवायची तरतूद. उन्हात वाळवलेले पापड, कुरडया, डाळी, तिखट. हा शब्द छतावरच्या विजेला विलक्षण नेमका बसतो. तीन किलोवॉटचा संच कडक उन्हाच्या दिवशी बारा-तेरा युनिट देतो, जुलैच्या ढगाळ दिवसांत सात-आठवर येतो. उन्हाळ्यात जास्तीचे झालेले युनिट बिलावर जमा राहतात आणि पावसाळ्यात वजा होतात. उरलेल्यांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी होतो. म्हणजे एप्रिल-मेची शिल्लक जुलैत कामी येते, ही शब्दशः बेगमीच. नेट मीटरिंग समजावून सांगायला वायरमनला रोज पंधरा मिनिटं लागायची, ते काम पाटीच करू लागली.

पण पसंत पडलेल्या नावाची परीक्षा बाहेरच्या माणसांवर घ्यायला हवी. सोपी रीत अशी: ओळखीच्या कुणाला फोन करून नाव एकदाच सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं, काय नाव होतं? मग त्याला ते मोबाइलवर टाइप करायला सांगायचं. 'बेगमी' साठीतल्या लोकांना लगेच कळतं, पंचविशीतल्या काहींना समजावून सांगावं लागतं, आणि हिंदी कानाला आधी 'बेगम' ऐकू येतं. टाइप करताना कुणी Begmi लिहितं, कुणी Begami. तेव्हा दोन्ही स्पेलिंगची वेबसाइट घ्यावी लागते. मराठी घरमालकांपुरतं काम असेल, तर मी हे नाव घेईन. मुंबईच्या मिश्र सोसायट्यांत उतरायचं असेल, तर दुसरा शब्द शोधेन.

नाव ठरलं की ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदीत शोध घ्यायचा, नुसत्या स्पेलिंगचा नाही, उच्चाराचाही. तिथे तशी सोय आहे. संच बसवण्याची सेवा वर्ग 37 मध्ये येते, पॅनेल स्वतःच्या नावानं विकायचे असतील तर वर्ग 9 मध्येही. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये लागतात. अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच.

एवढं करूनही एका साध्या गोष्टीनं विश्वास जातो. शेजारणीनं 'बेगमी'चं नाव सांगितलं, म्हणून बाई पोर्टलवरची यादी उघडतात, तर तिथे बेगमी नाहीच. ती 'श्री दत्तकृपा एंटरप्रायजेस' या नावानं नोंदलेली असते. जीएसटीच्या बिलावर तिसरंच नाव, आणि क्यूआर कोड स्कॅन केला तर भलत्याच माणसाचं वैयक्तिक खातं. नाव कितीही आपुलकीचं असो, पैसे पाठवणारा अंगठा इथे थांबतो. म्हणून पाटीवर, पोर्टलवर, बिलावर आणि बँक खात्यावर एकच नाव आणायचं. आधीची नोंदणी बदलायला वेळ लागणार असेल, तर कोटेशनवरच दोन्ही नावं शेजारी छापायची.

आणि छतावर लावायचा स्टिकर उन्हात दोन-तीन वर्षांत पांढरा पडतो. योजनेत पाच वर्षं देखभाल ठेकेदारानं करायची असते. इन्व्हर्टर बिघडला की घरमालक नाव शोधत वर जातो, तेव्हा तिथे कोरा कागद चिकटलेला असतो. कोरलेली धातूची पट्टी, तिच्यावर नाव, फोन नंबर आणि बसवल्याची तारीख, आणि ती खाली मीटरच्या पेटीशेजारी सावलीत लावायची.