ओठ बधिर झाला, पण दाढ?

कामशेतच्या बाजारात आलेला माणूस गाल धरून दवाखान्यात शिरतो खरा, पण ‘रूट कॅनल’ ऐकलं की उठायलाच बघतो. त्याच्यासाठी दवाखान्याने व्हिडिओ करायचा, तर सुरुवात भुलीपासून हवी. खरी धास्ती तिचीच!

खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. थोड्या वेळात ओठ जड होतो. ठणकणाऱ्या दाढेची नस मात्र सुजलेली असते. ओठ बधिर झाला तरी ती जागी राहू शकते. म्हणून डॉक्टर १०-१५ मिनिटं थांबतात, मग गारेगार कापसाचा बोळा दाढेला लावून बघतात. कळ आली, तर दाढेलगत आणखी थोडी भूल.

काम चालू असताना दुखलं तर डावा हात वर करायचा. ड्रिल थांबतं.

नंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठसतं. सूज वाढली किंवा ताप आला, तर लगेच फोन करायचा. काही शंका असेल तर खुर्चीत बसण्याआधीच विचारा.