‘चालू’च्या रकान्यात अडकलेलं कार्ड

ट्रेलोसारख्या बोर्डावर पहिला गटप्रकल्प मांडताना ‘वेबसाइट बनवणे’ असं कार्ड लावू नये. ते ‘चालू’च्या रकान्यात महिनाभर बसून राहतं. समजा, चौघं मिळून कॉलेजच्या ग्रंथालयासाठी वेबसाइट करताहेत. मग तुकडे पाडावेत: लॉगिनचं पान, पुस्तकांचा डेटाबेस, पुस्तक शोधायची सोय. प्रत्येक तुकडा दोन-तीन दिवसांत संपणारा हवा. डेटाबेस, डिझाइन, अहवाल अशा भूमिका वाटल्या, तरी कार्डावर नाव एकाचंच. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. शुक्रवारच्या आढाव्यात ‘८० टक्के झालं’ हे उत्तर घेऊ नये (पुढच्या शुक्रवारीही ते ८०च असतं). कुठलं कार्ड सरकलं आणि कुठलं कशामुळे अडलं, एवढंच विचारावं. शोधाचं काम डेटाबेसवाचून अडलं असेल, तर नवं कार्ड न उचलता आधी सगळ्यांनी डेटाबेसला हात लावायचा.